माकडतापाचा नकाशा, महिन्यामागून महिना

माकडतापाचे सगळे रुग्ण एकाच नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवले, तर सिंधुदुर्गाचा दोडामार्ग तालुका, बांद्याचा परिसर आणि त्याला लागून गोव्यातला सत्तरी तालुका लालभडक दिसतो. तो नकाशा खोटा नसतो, पण तो पाहून कोणालाही वाटेल की या गावांत हा आजार बारा महिने मुक्कामाला आहे. प्रत्यक्षात जुलै ते नोव्हेंबर या काळात तो सहसा जवळजवळ दिसतच नाही. डिसेंबरात एखाददुसरा रुग्ण येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर चढतो, आणि पावसाची पहिली सर पडली की आकडे ओसरतात. हा चढउतार स्थिर नकाशात पार विरून जातो. म्हणून महिन्यागणिक एक चित्र काढायचं, ती चित्रं ओळीनं फिरवायची आणि वीसेक सेकंदांची चित्रफीत करायची. काम अवघड नाही, सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. मात्र संगणक दिलेल्या तारखा आणि ठिकाणं निमूटपणे मान्य करतो. त्यामुळे तारीख कोणती आणि ठिकाण कोणतं हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि या कामातला बराचसा वेळ तिथेच जातो.

आधी आजाराविषयी थोडं, कारण नकाशा कसा काढायचा हे त्यावरच ठरतं. हा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं, तो ओळखला. जंगलातल्या गोचिडी तो वाहतात. वानरं आणि लाल तोंडाची माकडं त्यानं मरतात, म्हणून नाव पडलं माकडताप. पाऊस सरल्यावर अर्धवाढ गोचिडींची संख्या वाढते, आणि नेमकी त्याच महिन्यांत माणसं जंगलात शिरतात: कोणी सरपणाला, कोणी भाजावळीसाठी पातेरा गोळा करायला, कोणी काजूच्या बागेत बोंडू वेचायला. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात हा आजार आढळला. आपल्या नकाशासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा आजार माणसाकडून माणसाकडे जात नाही. तो मुख्यतः गोचीड चावल्यानं होतो.

आता तारखेकडे वळू. समजा, एका बाईंना 27 फेब्रुवारी 2016 ला ताप भरला. चार दिवस अंगावर काढून 2 मार्चला त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. रक्ताचा नमुना पुढे तपासणीला गेला आणि अहवाल 10 मार्चला आला. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण 3 ते 8 दिवस लागतात, म्हणजे चावा फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला. या एका रुग्णाच्या चार तारखा झाल्या. नकाशावर त्या फेब्रुवारीत दाखवायच्या की मार्चमध्ये? अहवालाची तारीख घेतली तर मार्च, तापाची घेतली तर फेब्रुवारी. एका रुग्णापुरता हा फरक किरकोळ वाटतो. पण प्रयोगशाळेतून अहवाल गठ्ठ्यानं येतात. अहवालाच्या तारखेवर नकाशा फिरवला, तर एखाद्या महिन्यात अचानक दहा गावं पेटल्यासारखी दिसतात आणि आपण त्या महिन्यात जंगलात काय घडलं ते शोधत बसतो. घडलेलं असतं ते इतकंच, की अडकलेले कागद त्या महिन्यात सुटले.

म्हणून शक्य असेल तिथे ताप सुरू झाल्याची तारीख घ्यावी. ती सगळ्या रुग्णांची मिळत नसेल तर नोंदीची तारीख घ्यावी, पण सगळ्यांची एकच. निम्म्यांची तापाची आणि निम्म्यांची अहवालाची, अशी सरमिसळ सगळ्यांत वाईट, कारण ती नंतर पकडता येत नाही. आणि चित्रफितीच्या शीर्षकात स्पष्ट लिहावं: ‘नोंद झालेले रुग्ण, नोंदीच्या महिन्यानुसार’.

ठिकाणाचं कोडं यापेक्षा किचकट. दोडामार्गचा माणूस मोठ्या दुखण्यासाठी गोव्याला, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो, कारण त्याला ते जवळ पडतं. रुग्णालयाच्या पत्त्यावर ठिपका टाकला, तर जंगलातला आजार पणजीच्या शेजारी दिसायला लागेल. रुग्णाच्या घरच्या पत्त्यावर टाकला तर बरं, पण काजूच्या हंगामात मजूर दुसऱ्या गावच्या बागेत कामाला असतो, आणि गोचीड चावते ती बागेत. चावल्याचं ठिकाण बहुतेक वेळा रुग्णालाही ठाऊक नसतं. व्यवहारात राहतं गाव हाच पर्याय उरतो. तो पत्करावा, आणि ठिपका म्हणजे ‘रुग्ण राहतो ते गाव’, हे सूचीत लिहावं.

गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश काढताना आणखी एक सापळा असतो, आणि या आजाराच्या बाबतीत तो दोनदा समोर येतो. ‘बांदा’ एवढंच शोधलं तर संगणक खुशाल उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा काढून देतो. ‘पाली’ शोधलं तर बल्लाळेश्वराची रायगडातली पाली येते, नाहीतर राजस्थानातला पाली जिल्हा. गावासोबत तालुका, जिल्हा आणि राज्य लिहिल्याशिवाय शोधू नये, आणि सगळे ठिपके एकदा पूर्ण भारताच्या नकाशावर टाकून भरकटलेला कोण ते पाहावं. रेखांश आणि अक्षांशाची अदलाबदल झाली तर तीही इथेच उघडी पडते. दोडामार्ग साधारण 74 रेखांश आणि 15.7 अक्षांशावर आहे. उलट भरलं तर ठिपका नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतो.

घराचा नेमका ठिपका कधीही टाकू नये. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत मार्च महिन्यात एकच रुग्ण असेल, तर ‘तो कोण’ हे नकाशा पाहून सगळ्या वाडीला कळतं. गावाचा मध्यबिंदू घ्यावा. गाव फारच लहान असेल तर आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीपुरती बेरीज करावी. नकाशाचं काहीही बिघडत नाही, आणि माणसाचं नाव चव्हाट्यावर येत नाही.

गावाचा मध्यबिंदू घेतला की लगेच एक नवी अडचण उभी राहते. एका गावातले सहा रुग्ण एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि दिसतो एकच ठिपका. त्यामुळे रुग्णागणिक ओळ न ठेवता गाव आणि महिना यांच्या जोडीगणिक एक ओळ करायची. एक्सेलमध्ये A2 मध्ये तारीख असेल, तर शेजारच्या रकान्यात त्या महिन्याची पहिली तारीख काढायची:

```
=DATE(YEAR(A2),MONTH(A2),1)
```

मग पिव्होट टेबलनं गाव आणि महिन्यानुसार रुग्ण मोजायचे. शेवटी तक्ता असा दिसायला हवा. खालचे आकडे फक्त नमुन्यासाठी रचलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत:

```
mahina,gaav,x,y,rugna
2016-01-01,A,73.98,15.70,2
2016-02-01,A,73.98,15.70,5
2016-02-01,B,73.87,15.82,1
2016-03-01,B,73.87,15.82,8
```

तारीख या तक्त्यात वर्ष-महिना-दिवस अशीच लिहावी. आपण सरावानं 03/02/2016 लिहितो, म्हणजे 3 फेब्रुवारी. अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक तीच तारीख 2 मार्च समजतो. वाईट भाग असा, की 12 च्या पुढचे दिवस त्याला महिना म्हणून बसवता येत नाहीत, म्हणून ते तो मजकूर म्हणून तसेच सोडतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले रुग्ण भलत्याच महिन्यांत जातात आणि उरलेले गायब होतात. एक्सेलच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या, तर हेच झालं आहे असं समजावं.

तक्ता तयार झाला की QGIS उघडायचं. हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि 2020 मध्ये आलेल्या 3.14 आवृत्तीपासून काळाचा नियंत्रक त्यात अंगभूत आहे. `Add Delimited Text Layer` मधून तक्ता आत घ्यायचा, x म्हणजे रेखांश आणि y म्हणजे अक्षांश हे नीट दाखवायचं. मग थराच्या गुणधर्मांत `Temporal` या पानावर जाऊन `Dynamic Temporal Control` चालू करायचं, `Configuration` मध्ये `Single Field with Date/Time` निवडायचं आणि रकाना म्हणून `mahina` द्यायचा. त्या यादीत `mahina` दिसतच नसेल, तर तारीख मजकूर म्हणून आत आली आहे. मागे जाऊन तक्ता दुरुस्त करायचा. `Limits` मध्ये `Include Start, Exclude End` ठेवायचं. ते महत्त्वाचं आहे. फेब्रुवारीचं चित्र 1 फेब्रुवारीला सुरू होतं आणि 1 मार्चला संपतं. शेवटचा क्षणही आत धरला, तर मार्चच्या ओळी, ज्यांची तारीख 1 मार्चच आहे, दोन्ही चित्रांत दिसू शकतात. `Event duration` शून्य ठेवायचा. आता हा थर काळाला बांधला गेला.

पडद्यावर `Temporal Controller` ची पट्टी उघडली की चाललेलं चित्र दिसू लागतं. तिथे `Animated temporal navigation` निवडून पायरी `1 months` द्यायची. 30 दिवस कधी देऊ नयेत. 2016 ते 2018 या तीन वर्षांचे 1096 दिवस होतात, तर तीस-तीस दिवसांच्या छत्तीस पायऱ्यांचे 1080. छत्तिसावं चित्र, जे डिसेंबर 2018 चं असायला हवं, ते 16 नोव्हेंबरलाच सुरू होतं. आजाराचा हंगामच डिसेंबरात उघडत असताना पंधरा दिवसांची ही घसरण म्हणजे हंगामाची सुरुवात चुकीच्या महिन्यात दाखवणं.

कालावधीही हातानं लिहावा. पूर्ण कालावधी आपोआप घ्यायचं बटण आहे, पण ते तक्त्यातल्या पहिल्या तारखेपासून मोजायला सुरुवात करतं. मूळ रुग्णनोंदीच वापरल्या असतील आणि पहिला रुग्ण 17 जानेवारीचा असेल, तर प्रत्येक ‘महिना’ 17 तारखेपासून पुढच्या 17 तारखेपर्यंत धावतो, आणि हे कुठे लिहून येत नाही. आपल्या उदाहरणात 2015-12-01 ते 2017-06-30 असे दोन हंगाम घेऊ. एकोणीस महिने होतात. त्यातले 2016 चे जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिने जवळजवळ कोरे जातील. ‘कोरी चित्रं काढून टाकू, फीत लहान होईल’ असा मोह होतो, पण ती ठेवावीत. नकाशा पाच सेकंद शांत राहतो आणि मग पुन्हा जागा होतो, हेच तर पाहणाऱ्याला कळायला हवं.

वर्तुळाचा आकार रुग्णांच्या संख्येवर बांधायचा. QGIS च्या `Size Assistant` मध्ये `Scale method` म्हणून `Surface` निवडायचं, म्हणजे संख्येच्या प्रमाणात क्षेत्रफळ वाढतं. दोन रुग्णांच्या वर्तुळापेक्षा आठ रुग्णांचं वर्तुळ चौपट क्षेत्रफळाचं, म्हणजे दुप्पट व्यासाचं हवं. व्यासच चौपट केला तर क्षेत्रफळ सोळापट होतं आणि आठ रुग्णांचं गाव सगळा तालुका गिळून बसतं.

एवढं झाल्यावर फीत चालवून पाहा. वरच्या नमुन्याच्या तक्त्यात जानेवारीत ‘अ’ गावात दोन रुग्ण आहेत, फेब्रुवारीत पाच. मार्चमध्ये ‘अ’ विझतं आणि पंधरा-वीस किलोमीटरवरचं ‘ब’ आठ रुग्णांनी पेटतं. पाहणारा माणूस छातीठोकपणे सांगेल, की साथ ‘अ’ कडून ‘ब’ कडे गेली. लग्नमंडपावरच्या माळेतला एकही दिवा जागचा हलत नाही, तरी उजेड धावताना दिसतो. इथेही तेच. आणि माकडतापाच्या बाबतीत हा समज नुसता अपुरा नाही, तो चुकीचा आहे. ‘अ’ गावचा माणूस ‘ब’ गावात आजार घेऊन जाऊच शकत नाही. दोन्ही गावांच्या रानांत विषाणू आधीपासून असेल, आणि ‘ब’ मध्ये लोक काजूच्या कामाला उशिरा उतरले असतील. कदाचित ‘ब’ मध्ये रक्त तपासायलाच मार्चमध्ये सुरुवात झाली असेल. अशी फीत पाहून कोणी ‘अ’ च्या लोकांना ‘ब’ च्या बाजारात येऊ नका म्हणालं, तर तो अन्याय आपण केलेल्या चित्रानं केलेला असेल.

यावर सोपा उपाय आहे. थरावर उजवं बटण दाबून `Duplicate Layer` करायचं. खालच्या प्रतीत `Accumulate features over time` या चौकटीत खूण करायची आणि चिन्ह म्हणून छोटं, राखाडी, पोकळ वर्तुळ द्यायचं, आकार सगळ्यांना सारखा. वरची प्रत आधीसारखीच, त्या महिन्याची लाल. आता मार्चमध्ये ‘ब’ लाल होतं तेव्हा ‘अ’ राखाडी कडं घेऊन जागेवरच असतं. नजर उडी मारत नाही, आणि आजाराचा प्रदेश रुंदावतोय की तीच गावं पुन्हा पेटताहेत हेही कळतं. सगळंच साठवत नेणारा लाल नकाशा मात्र करू नये. त्यात लाल कधी कमी होत नाही, त्यामुळे जून 2017 चं चित्र सगळ्यांत भयंकर दिसतं, आणि नेमका तेव्हाच हंगाम संपलेला असतो.

मेलेल्या माकडांच्या नोंदी मिळत असतील तर त्यांचा वेगळा थर, त्रिकोणी चिन्हानं, त्याच नियंत्रकाला बांधता येतो. माकडं मरतात तिथे विषाणू असल्याची शंका घेऊन आरोग्य खातं सावध होतं. त्रिकोण आधी आणि वर्तुळ नंतर असा क्रम कुठल्या गावात दिसतो, ते अशा फितीत पाहण्यासारखं असतं. पण माकडाची तारीख म्हणजे ते सापडल्याची तारीख, मेल्याची नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं.

महिन्याचं नाव चित्रावर आलं नाही तर फीत निरर्थक. `View` मधल्या `Decorations` मध्ये `Title Label` चालू करून ही ओळ टाकायची:

```
[% format_date(@map_start_time, 'MMMM yyyy', 'mr') %]
```

शेवटचं `'mr'` महिन्याचं नाव मराठीत आणतं. अक्षरं मोठी ठेवावीत, कारण ही फीत शेवटी फोनवरच पाहिली जाणार. वर्तुळांचा अर्थ सांगणारी सूची एका चित्राच्या रूपात `Decorations` मधल्या `Image` मधून कोपऱ्यात बसवता येते. तालुक्यांच्या सीमा फिकट रेषेनं, पाठीमागे दुसरं काही नको.

मग नियंत्रकाच्या पट्टीवरचं `Export Animation` दाबायचं. रुंदी 1280, उंची 720, पायरी पुन्हा एक महिना, आणि सजावट चित्रात उतरवण्याची खूण. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो: QGIS चित्रफीत देत नाही, एकेका महिन्याचं वेगळं चित्र देतं. फाइलच्या नावात `kfd####.png` लिहिलं, तर फोल्डरमध्ये `kfd0000.png`, `kfd0001.png` अशी चित्रं पडतात. ती मोजावीत. एकोणीस हवीत. शेवटी जुलै 2017 चं जादा चित्र आलं असेल तर काढून टाकावं. मग तीन चित्रं निवडून, उदाहरणार्थ पहिलं, सर्वाधिक रुग्णांचं आणि एक कोरं, ती पिव्होट टेबलाशी ताडून पाहावीत. गाव तेच, आकडा तोच, महिना तोच. तारखांच्या बहुतेक चुका या ताळ्यातच सापडतात.

चित्रांची फीत करायला `ffmpeg` हे मोफत साधन पुरतं:

```
ffmpeg -framerate 1 -i kfd%04d.png -vf "tpad=stop_mode=clone:stop_duration=3" -r 25 -c:v libx264 -pix_fmt yuv420p kfd.mp4
```

`-framerate 1` म्हणजे एका महिन्याला एक सेकंद. यापेक्षा वेगानं फिरवलं तर महिन्याचं नाव वाचून होईपर्यंत वर्तुळ निघून जातं. दोन्ही एकदम पाहता येत नाहीत. `tpad` शेवटचं चित्र तीन सेकंद जास्त थांबवतं. `yuv420p` नसेल तर फीत आपल्या संगणकावर चालते आणि काही फोनवर काळी दिसते. चित्राची रुंदी किंवा उंची विषम असेल तर `width not divisible by 2` असा निरोप येऊन काम थांबतं. अशा वेळी निर्यातीचा आकार सम करून चित्रं पुन्हा काढायची.

हंगाम चालू असतानाच फीत करायची असेल, तर शेवटच्या चित्राबद्दल जास्त काळजी घ्यावी लागते. तापाच्या तारखेवर नकाशा बेतला, की चालू महिन्यातले बरेच रुग्ण अजून तक्त्यात आलेलेच नसतात, कारण त्यांचे नमुने वाटेत असतात. वर्तुळं एकदम लहान होतात आणि आजार ओसरला असं वाटतं. पुढच्या महिन्यात तीच फीत नव्या नोंदींनी पुन्हा काढली की मागच्या महिन्याची वर्तुळं फुगलेली दिसतात. त्यामुळे शेवटच्या महिन्याची वर्तुळं भरीव न ठेवता नुसत्या कडेची करावीत, महिन्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहावं, आणि आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत ते खालच्या कोपऱ्यात द्यावं. फीत फोनाफोनी फिरत राहते, आणि मे महिन्यात कोणाच्या तरी हाती फेब्रुवारीत केलेली फीत पडते. कोपऱ्यात तारीख असली तर त्याला निदान ती जुनी आहे हे कळतं.